वेक-ऑन-लॅन: पीसी झोपल्यावर पाच मिनिटं बाहेरून उठतो, नंतर उठतच नाही

सातारकर_रेंडर

नमस्कार मंडळी, तीन आठवडे डोकं खाऊन झालंय म्हणून शेवटी धागा काढतोय.

माझा डेस्कटॉप साताऱ्याला घरी आहे, मी पुण्यात पीजीवर राहतो. ब्लेंडरची रेंडरं त्याच मशीनवर करतो कारण ग्राफिक्स कार्ड तिथे आहे, इथे फक्त जुना लॅपटॉप. मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर बिल येतं आणि बाबा बोलतात, म्हणून ते स्लीपला ठेवायचं आणि लागलं की इथून उठवायचं असा बेत होता.

केलंय ते सांगतो. बायॉसमध्ये `Power On By PCI-E` चालू केलं, `ErP Ready` बंद केलं. विंडोज 10 आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये तिन्ही टिक आहेत. घरी असताना फोनवरच्या अ‍ॅपमधून दहापैकी दहा वेळा उठतो, काही प्रश्न नाही. राउटरवर यूडीपी पोर्ट 9 फॉरवर्ड केलाय 192.168.1.20 ला, म्हणजे पीसीला.

आता पुण्यातून काय होतं तर मी रिमोटने स्लीप केला आणि लगेच दोन-तीन मिनिटांत पॅकेट पाठवलं तर पठ्ठ्या उठतो. पण रात्री झोपवून सकाळी पाठवलं की काहीच नाही, वीस वेळा पाठवा तरी नाही. मग आईला फोन करायचा, पीसी माडीवर आहे आणि तिचे गुडघे दुखतात, ती बिचारी जिना चढून बटण दाबून येते. हे मला अजिबात बरं वाटत नाही, काहीतरी मार्ग सांगा.

---

हर्षल_एच

अरे एवढं कशाला, एखादं रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर टाक ना दोन्हीकडे, नंबर टाकला की जोडलं जातं, राउटरमध्ये काही करावं लागत नाही. मी ऑफिसचा पीसी असाच वापरतो वर्षभर.

---

सातारकर_रेंडर

@हर्षल ते आहेच रे टाकलेलं, पण मशीन झोपलेलं असताना ते सॉफ्टवेअर पण झोपलेलंच असतं ना. तुझा ऑफिसचा पीसी बहुतेक चालूच राहत असेल. मला आधी उठवायचाय, जोडायचं नंतर.

---

जुगाडू_जयसिंगपूर

हे सीजीनॅट आहे, शंभर टक्के. आपल्याकडे फायबरवाले आता खरा आयपी देतच नाहीत, शंभर घरांना मिळून एक आयपी असतो. राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP बघ, 100.64 पासून 100.127 पर्यंत काही असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग विसर. माझ्या मेव्हण्याकडे हेच होतं, महिनाभर तो पोर्ट बदलत बसला होता, 7 कर, 9 कर, काही उपयोग नाही कारण पॅकेट त्याच्या राउटरपर्यंत येतच नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे पीसीला राउटरमधून आयपी रिझर्व्ह करून दे, नाहीतर झोपल्यावर त्याचा आयपी जातो.

---

तारतंत्री

जुगाडू, सीजीनॅटचं लक्षण तुम्ही बरोबर सांगितलंत आणि पुष्कळांचं तेच असतं, पण इथे ते नाही. तो म्हणतोय की झोपल्यावर पाच मिनिटांत पाठवलं तर बाहेरून उठतो. सीजीनॅट असता तर पहिल्या मिनिटालासुद्धा उठला नसता. त्या एका वाक्याने किती गोष्टी सुटल्या बघा: आयपी खरा आहे, पोर्ट फॉरवर्ड चालतोय, बायॉस ठीक, कार्ड ठीक, विंडोजची टिक ठीक. ह्यातलं एकही बिघडलेलं नाही, तेव्हा पुन्हा तिकडे हात लावू नका.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं नेटवर्क वीस वर्षं सांभाळलं, चाळीस मशीनं रोज सकाळी अशीच उठवायचो, त्यामुळे ह्या दुखण्याशी माझी जुनी ओळख आहे. जरा सविस्तर लिहितो.

झोपलेल्या मशीनला स्वतःचा आयपी माहीत नसतो असं धरून चाला. जागं असतं ते फक्त लॅन कार्ड, आणि ते एकच काम करत असतं, तारेवरून येणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये एक ठरलेला नमुना शोधत असतं. सहा वेळा FF आणि मग त्याचा स्वतःचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण 102 बाइट. एवढं दिसलं की मदरबोर्डला म्हणतं ऊठ. पोर्ट 7 आहे की 9 आहे ते कार्ड बघतसुद्धा नाही, त्यामुळे पोर्ट बदलून काही होणार नाही.

आता घरातून फोन पाठवतो तेव्हा तो ब्रॉडकास्ट करतो, म्हणजे सगळ्या गावाला हाक. स्विच ती हाक सगळ्या तारांवर टाकतो, तुमच्या कार्डाला ती ऐकू येते, काम झालं. पण बाहेरून येतं ते पॅकेट राउटरने एका आयपीला, 192.168.1.20 ला द्यायचं असतं. राउटरला तारेवर टाकायला आयपी पुरत नाही, मॅक लागतो. म्हणून तो विचारतो, बाबांनो .20 कोण आहे? ह्यालाच एआरपी म्हणतात. मशीन जागं असलं की उत्तर देतं आणि राउटर ते काही वेळ वहीत लिहून ठेवतो. मशीन झोपल्यावर थोडा वेळ ती नोंद वहीत असते, तोवर तुमचं पॅकेट बरोबर पोचतं. नोंद शिळी होऊन पुसली गेली की राउटर परत विचारतो, झोपलेला माणूस ओ देत नाही, आणि राउटर पॅकेट टाकून देतो. तुमचं जादूचं पॅकेट तारेवर उतरलेलंच नसतं. कार्डाचा त्यात काही दोष नाही.

किती वेळ नोंद टिकते ते राउटरवर आहे, कुठे दोन मिनिटं, कुठे वीस. म्हणून हा प्रकार लोकांना कळत नाही, चाचणी घेताना नेहमी चालतं कारण चाचणी आपण झोपवल्याझोपवल्या घेतो.

आयपी रिझर्व्ह करण्याबद्दल. ते जरूर करा पण त्याने हे सुटणार नाही. रिझर्व्हेशन म्हणजे हे मशीन आयपी मागायला आलं तर .20 च द्या. एआरपीची कायमची नोंद म्हणजे .20 म्हणजे हा मॅक, विचारायचं नाही, थेट पाठवा. दोन वेगळ्या वह्या आहेत. काही राउटरांत `IP & MAC Binding` नावाचा पर्याय असतो, त्यातही काहींत तो खरा एआरपी बांधतो आणि काहींत नुसतं रिझर्व्हेशनच त्या नावाने ठेवलेलं असतं.

---

जुगाडू_जयसिंगपूर

काका हे वाचून आनंद झाला, पण एक सांगतो, मी माझ्या घरी निव्वळ पोर्ट फॉरवर्ड केलंय आणि दोन वर्षं झाली, सकाळी संध्याकाळी कधीही उठतो. बाइंडिंग वगैरे काही केलेलं नाही. मग माझ्या राउटरची वही कशी पुसली जात नाही? तुम्ही म्हणता तसं असतं तर माझा पण उठायला नको होता.

---

सातारकर_रेंडर

काका खूप आभार, पहिल्यांदा कुणीतरी हे असं का होतं ते सांगितलं. राउटर कंपनीने दिलेला आहे, त्यात बाइंडिंग वगैरे काही दिसत नाही. फॉरवर्डमध्ये .20 च्या जागी 192.168.1.255 टाकून बघितलं तर "invalid IP" म्हणतो.

एक विचारतो, घरी एक रास्पबेरी पाय आहे, जाहिराती अडवायला लावलेला, तो चोवीस तास चालू असतो आणि त्यावर टेलस्केल आहे म्हणून मी त्यात पुण्यातून शिरू शकतो. त्याचा काही उपयोग आहे का?

---

तारतंत्री

अहो उपयोग काय विचारता, तुमचं औषध घरातच आहे. पायला सांगा हाक मारायला, तो त्याच गल्लीत राहतो, राउटरला मध्ये घ्यायचंच नाही.

```
sudo apt install wakeonlan
wakeonlan -i 192.168.1.255 aa:bb:cc:11:22:33
```

मॅक तुमचा घाला. आणि हे जमलं की राउटरवरचा पोर्ट 9 बंद करून टाका, त्याची गरज राहत नाही.

255 ला बऱ्याच राउटरांनी नाही म्हणण्यालाही कारण आहे. पूर्वी बाहेरून आख्ख्या नेटवर्कला ब्रॉडकास्ट पाठवता यायचा, त्याचा वापर करून लोक दुसऱ्यांवर पॅकेटांचा भडिमार करायचे, म्हणून 1999 साली आरएफसी 2644 मध्ये राउटरांनी हे मुळातच बंद ठेवावं असं ठरलं. तेव्हा राउटरवर रागावू नका.

पण माझी एक विनंती आहे. हे करण्याआधी दुखणं खरंच एआरपीचंच आहे का ते डोळ्यांनी बघून घ्या, मी इथून नुसता अंदाज सांगतोय. पीसी रात्रभर झोपू द्या. सकाळी पायमध्ये शिरून हे चालू ठेवा आणि मग पुण्यातून मोबाइल डेटावरून नेहमीसारखं पॅकेट पाठवा:

```
sudo tcpdump -n -i eth0 arp and host 192.168.1.20
```

एआरपीची विचारणा ब्रॉडकास्ट असते, म्हणून ती पायलाही दिसेल. काय दिसतं ते इथे लिहा.

जुगाडू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं, पण आधी मला सांगा, तुमच्या लॅन कार्डाच्या `Advanced` टॅबमध्ये `ARP Offload` नावाचं काही आहे का आणि ते कसं ठेवलंय?

---

रात्रपाळी

माझं उलट आहे, माझा पीसी न बोलावता उठतो. रात्री दोनला, कधी चारला, खोलीभर उजेड. वेक-ऑन-लॅन चालू केल्यापासूनच हे सुरू झालं. मी शेवटी तारच काढून ठेवतो झोपताना. कुणाला असं होतंय का?

---

तारतंत्री

रात्रपाळी, तिन्ही टिकमधली शेवटची बघा, `Only allow a magic packet to wake this computer`. ती नसली की कार्ड इतर काही ओळखीच्या पॅकेटांवरही उठवतं, आणि घरात टीव्ही, प्रिंटर असले की तशी पॅकेटं येतच राहतात. उठल्याउठल्या हे चालवा म्हणजे कुणी उठवलं ते कळेल:

```
powercfg /lastwake
powercfg /waketimers
```

दुसरी ओळ अ‍ॅडमिन म्हणून चालवावी लागते.

---

सातारकर_रेंडर

आज सकाळी साडेसातला केलं. रात्री साडेअकराला झोपवला होता. पॅकेट पाठवलं की पायवर हे आलं:

```
ARP, Request who-has 192.168.1.20 tell 192.168.1.1, length 46
ARP, Request who-has 192.168.1.20 tell 192.168.1.1, length 46
ARP, Request who-has 192.168.1.20 tell 192.168.1.1, length 46
```

एकेक सेकंदाने तीन ओळी आणि मग शांत. परत पाठवलं, परत तीन. पीसी उठला नाही. काका तुम्ही म्हणालात तस्संच, राउटर दारावर तीनदा टकटक करतोय आणि परत जातोय. तीन आठवडे मी बायॉस उलटं पालटं करत होतो आणि हे त्या दोघांच्यामध्ये चाललं होतं.

मग पायवरून `wakeonlan` चालवलं आणि साधारण सहा सेकंदांनी मशीन पिंगला उत्तर द्यायला लागलं. आईला फोन करून विचारलं माडीवर आवाज आला का, ती म्हणाली हो, पंख्यासारखा आला. फार बरं वाटलं.

---

जुगाडू_जयसिंगपूर

काका, `ARP Offload` आहे आणि `Enabled` आहे. मी कधी हात लावलेला नाही, आधीपासूनच तसं होतं.

---

तारतंत्री

झालं तर मग. काही कार्डांना ही सोय असते की मशीन झोपताना विंडोज कार्डाला सांगून जातं, बाबा माझा आयपी .20, कुणी विचारलं तर तू परस्पर ओ दे, मला उठवू नकोस. मग राउटरने रात्री तीनला विचारलं तरी त्याला उत्तर मिळतं, पॅकेट तारेवर उतरतं आणि कार्ड उठवतं. म्हणून तुमचं दोन वर्षं काही न करता चालतंय. मी वर "झोपलेला माणूस ओ देत नाही" असं सरसकट लिहिलं ते अपुरं होतं, ते दुरुस्त करून वाचा.

सातारकर, तुमच्याकडे तो पर्याय बघा.

---

सातारकर_रेंडर

आहे, आणि `Disabled` आहे. आणि तो मीच केलाय. दोन वर्षांपूर्वी गेममध्ये लॅग येत होता म्हणून कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेले सगळे ऑफलोड बंद केले होते, त्याचा लॅगवर काही फरक पडला नव्हता आणि मी परत चालू करायचं विसरलो.

आता चालू केलं आणि रात्री पायवरून तपासलं, झोपून दोन तास झाल्यावर:

```
sudo arping -c 3 -I eth0 192.168.1.20
```

तिन्हीला उत्तर आलं, मशीन झोपलेलंच होतं. आणि पोर्ट फॉरवर्डने बाहेरून पण उठला. आता दोन रस्ते झाले.

---

तारतंत्री

उत्तम. `arping` वापरलंत हे बरोबर केलंत, कारण एआरपीचं उत्तर विचारणाऱ्यालाच जातं, राउटरला दिलेलं उत्तर पायच्या टीसीपीडंपला दिसलं नसतं.

तरी सवय पायच्या रस्त्याची ठेवा. ऑफलोड कार्डावर, ड्रायव्हरवर आणि झोपेच्या प्रकारावर अवलंबून आहे, उद्या ड्रायव्हर बदलला आणि ती टिक गेली तर तुम्हाला पुण्यात बसून कळणार नाही. ब्रॉडकास्टला ह्यातलं काही लागत नाही.

---

मृण्मयी_म्युनिक

धागा आवडीने वाचतेय. माझी गंमत वेगळी आहे, इथे लिहिते, कुणाला उपयोग होईल.

मी म्युनिकला, डेस्कटॉप डोंबिवलीला आईबाबांकडे, त्यात सगळे जुने फोटो आहेत. आमच्याकडे खरंच सीजीनॅट आहे, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डचा प्रश्नच नव्हता, मी सुरुवातीपासून पाय झीरो 2 डब्ल्यू आणि टेलस्केलवर गेले. पायमध्ये शिरता यायचं, `wakeonlan` चालवलं की "पाठवलं" असं पण यायचं, आणि पीसी मात्र गप्प. बाबांना व्हिडिओ कॉलवर लॅनच्या भोकाजवळ कॅमेरा न्यायला सांगितला तर पीसी झोपलेला असताना हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे कार्ड जिवंत.

शेवटी सापडलं ते असं. फायबरवाल्याने जो डबा भिंतीवर लावलाय त्याचं स्वतःचं वायफाय आहे, आणि आम्ही त्याच्यापुढे आमचा जुना राउटर लावलाय. पायला मी चुकून डब्याचं वायफाय दिलं होतं, पायचा आयपी 192.168.1.7, आणि पीसी आमच्या राउटरला तारेने जोडलेला, त्याचा 192.168.0.12. एकाच दिवाणखान्यात दोन नेटवर्क. पाय डब्याच्या गल्लीत ओरडत होता आणि पीसी पलीकडच्या गल्लीत. ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. पायला आमच्या राउटरचं वायफाय दिलं आणि पहिल्या हाकेला उठला.

म्हणून माझं सांगणं, आयपीचा तिसरा आकडा दोन्हीकडे सारखा आहे का ते आधी बघा. घरोघरी असे दोन डबे असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पाहुण्यांचं वेगळं वायफाय असतं त्यावर फोन असेल तरी हेच होतं.

---

हर्षल_एच

मृण्मयीताई मग पाय कशाला, टेलस्केल थेट पीसीवरच टाकायचं ना?

---

मृण्मयी_म्युनिक

टाकलेलं आहे, पण पीसी झोपला की त्याच्यावरचं टेलस्केल पण झोपतं. घरात कुणीतरी एक जागं असावंच लागतं, पाय असो, राउटर असो की चार्जिंगला लावलेला जुना फोन असो. जुना फोन मात्र कायम चार्जरवर ठेवला की बॅटरी फुगते, आमच्याकडे फुगली, म्हणून पाय घेतला.

---

कोकणी_कर्नल

एक सोपा मार्ग सुचवतो. पायला टेलस्केलचा सबनेट राउटर करा, म्हणजे 192.168.1.x आख्खं पुण्यातून दिसेल, मग पायमध्ये शिरायला नको, फोनवरच्या अ‍ॅपमधूनच 192.168.1.255 ला पॅकेट पाठवायचं. आईवडिलांना, बायकोला वापरायला सोपं पडेल.

---

तारतंत्री

कर्नल, दिसायला अगदी बरोबर वाटतं पण तेवढंच चालत नाही. सबनेट राउटर झाला की पाय हा राउटरच झाला, आणि लिनक्सही बाहेरून आलेलं ब्रॉडकास्ट पुढे गल्लीत टाकत नाही. 255 ऐवजी .20 ला पाठवलंत तर पायसुद्धा विचारणार, .20 कोण आहे? म्हणजे आपण फिरून पहिल्या पोस्टवर आलो.

सोपं करायचं असेल तर पायवर ती एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाका आणि फोनवर एसएसएचचा शॉर्टकट करा, एका टिचकीत चालतो. पायवर कायमची एआरपी नोंदही करता येते पण रीस्टार्ट झाला की परत करावी लागते, त्यापेक्षा स्क्रिप्ट बरी.

---

सातारकर_रेंडर

मंडळी, दहा दिवस छान चाललं, आज परत अडलं. सकाळी पायवरून पाठवलं, पोर्टवरून पाठवलं, दोन्हीकडून नाही. `arping` ला पण उत्तर नाही. आईला नाइलाजाने वर पाठवलं, तिने बटण दाबल्यावर मशीन झोपेतून न उठता पहिल्यापासून बूट झालं, रात्री उघडं ठेवलेलं काही नव्हतं. ती म्हणाली लॅनच्या दिव्याकडे बघ म्हणून सांगितलं होतंस, तो बंद होता बटण दाबायच्या आधी.

मला वाटतं लाइट गेली असणार. राउटर इन्व्हर्टरवर आहे म्हणून इंटरनेट चालूच राहतं आणि मला इकडे काही कळत नाही. पण पाय पीसीच्याच विजेच्या बोर्डाला लावलाय, त्यावर बघितलं:

```
uptime -s
```

पहाटे 4:52 ची वेळ दाखवतोय, म्हणजे पाय तेव्हा परत सुरू झाला. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power` 41 आहे. आईबाबा झोपले होते, त्यांना लाइट गेल्याचं कळलंच नाही.

---

तारतंत्री

पायचा अपटाइम बघायचं चांगलं सुचलं तुम्हाला.

झोप म्हणजे मेमरी जिवंत ठेवायला थोडी वीज चालू असते. ती गेली की झोप मोडली, मशीन बंद पडलं. लाइट परत आल्यावर ते नुसतं बंद अवस्थेत असतं, आणि पुष्कळ बोर्डांवर एकदा बूट होऊन नीट बंद झाल्याशिवाय लॅन कार्डाला वीज किंवा उठवायची मुभा मिळत नाही. दिवा बंद होता म्हणजे कार्डाला वीजच नव्हती, हाक कितीही मारली तरी ऐकणारं कुणी नव्हतं.

ह्याच्यावर बायॉसमध्ये `Restore AC Power Loss` सारखा पर्याय असतो, नाव बोर्डाप्रमाणे थोडं वेगळं. तो `Power On` करा. लाइट आली की मशीन आपोआप बूट होईल, आणि विंडोजमध्ये अर्ध्या तासाने स्लीप लावलेली असेल तर परत झोपेल, ह्या वेळी नीट.

जाताजाता, पुण्यातून काम संपल्यावर शटडाउन करू नका, स्लीपच करा. विंडोज 8 पासून नेहमीचं शटडाउन हे फास्ट स्टार्टअपवालं असतं आणि त्यातून वेक-ऑन-लॅनने उठवण्याची हमी विंडोज देत नाही. काही कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये `Shutdown Wake-On-Lan` असतं, त्यावर काहींचं चालतं, काहींचं नाही.

---

रात्रपाळी

काका तुमचं उत्तर उशिरा वाचलं. टिक नव्हती, ती केली. दोन रात्री शांत गेल्या, काल परत तीनला उठला. `/lastwake` मध्ये `Wake History Count - 0` एवढंच येतंय. टायमर पण काही दाखवत नाही. अजून शोधतोय.

---

जुगाडू_जयसिंगपूर

`Power On` करताना जपून. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट पाच मिनिटांत चारदा येते-जाते, प्रत्येक वेळी मशीन बूट होऊन अर्ध्यात बंद. माझ्या एका हार्ड डिस्कने असाच जीव सोडला. मी छोटा यूपीएस लावला. झोपलेलं मशीन फार थोडी वीज खातं, त्यामुळे यूपीएसवर ते जागेपणीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतं, छोट्या खंडांचा तर प्रश्नच मिटतो.

---

सातारकर_रेंडर

यूपीएसचं पटलं, पुढच्या महिन्यात घेतो, तोवर `Power On`. शनिवारी घरी जातोय तेव्हा बायॉस बदलतो.

एक शंका राहिलीच. त्या पर्यायात माझ्याकडे तीन गोष्टी आहेत, `Power Off`, `Power On` आणि `Last State`. मशीन झोपलेलं असताना लाइट गेली तर `Last State` त्याला चालू होतं असं धरतो की बंद होतं असं? कुणी करून बघितलंय का?

---

मृण्मयी_म्युनिक

आमच्या डोंबिवलीच्या बोर्डावर झोपेत लाइट गेली तर `Last State` ने मशीन सुरू होतं. दोनदा झालंय तसं.

---

जुगाडू_जयसिंगपूर

माझ्या बोर्डावर नाही होत, बंदच राहतं. वेगळी कंपनी आहे.

---

तारतंत्री

दोघांचंही खरं असेल, बोर्डागणिक बदलतं. सातारकर, शनिवारी घरी आहातच तर मशीन झोपवा, विजेच्या बोर्डाचं बटण बंद करून मिनिटभर थांबून चालू करा, आणि पीसीचं बटण न दाबता लॅनचा दिवा लागतो का ते बघा. तिन्ही पर्यायांवर करा आणि मदरबोर्डाच्या मॉडेलसकट इथे लिहा.